खजुराचे लाडू का बिघडले : एका प्रतिक्रियेला उत्तर

"ताई, तुमची रेसिपी बघून बेसनाच्या लाडवात साखरेऐवजी तेवढीच वाटी भिजवलेल्या खजुराची पेस्ट घातली. लाडू वळलेच नाहीत, नुसता चिकट लगदा झाला. कसेबसे थापून डब्यात भरले, तर तिसऱ्या दिवशी आंबूस वास. करून न बघताच रेसिप्या टाकता का? शिवाय खजुरातही साखरच असते, मग हे हेल्दी कसं? फोटोही धूसर आहे."

नमस्कार. लाडू बिघडले की तूप, बेसन आणि मेहनत तिन्ही वाया जातं. त्यामुळे तुमचा राग मी समजू शकते. पण "करून न बघताच" हे शब्द मला लागले. लग्नाआधीपासून मी लाडू वळते आहे. घरात वडिलांची साखर बंद झाली तेव्हापासून खजूर वापरते आहे. लगदा कसा होतो हे मी माझ्याच कढईत पाहिलंय, म्हणून तर "पेस्ट तुपावर परतून आटवा" अशी वेगळी पायरी लिहिली होती. तुमच्या प्रतिक्रियेत भिजवणं आहे, वाटणं आहे, परतण्याचा उल्लेखच नाही. एखादी पायरी गाळायची आणि लिहिणारीच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवायचं, हे बरोबर नाही.

एक मान्य करते. मापं मी वाटीने दिली होती आणि खजुराच्या बाबतीत वाटी फसवते. म्हणून आता वजनात सांगते.

पाव किलो बेसनाला 200 ग्रॅम बिया काढलेला मऊ खजूर घ्या. खजुरात साधारण दोन तृतीयांश साखर असते, म्हणजे लाडवात 130 ग्रॅमच्या आसपास साखर गेली. गोडी बेताची येते, पण पुरते. खजूर बुडेल इतकंच गरम पाणी घालून अर्धा तास ठेवा, मग निथळून वाटा. पातं फिरत नसेल तर त्याच पाण्यातलं एखाद-दोन चमचे घाला, जास्त नाही. आता पेस्ट तोला. ती साधारण 280 ग्रॅम भरेल. वाढलेले 80 ग्रॅम म्हणजे निव्वळ पाणी, आणि खजुराचं स्वतःचं 40 ग्रॅम पाणी आत आहेच. पिठीसाखर कोरडी असते. तुम्ही तिच्या जागी ही पेस्ट न आटवता घातलीत, म्हणजे भाजलेल्या बेसनात जवळपास अर्धा कप पाणी ओतलंत. ते पाणी पीठ शोषून घेतं आणि फुगतं. रवाळपणा जाऊन सगळं कणकेसारखं चिकट होतं, तूपही बाजूला सुटतं. आंबूस वासाचं मूळही त्याच पाण्यात आहे. पाणी जास्त असलं की खजुराची साखर पातळ होते आणि यीस्टला वाढायला वाव मिळतो.

म्हणून जाड बुडाच्या कढईत दोन चमचे तूप घालून पेस्ट मंद आचेवर परता. आच वाढवू नका, ही साखर चटकन तळाला लागते आणि मग कडवटपणा काही केल्या जात नाही. आधी पेस्ट फदफदेल, वाफ येईल. मग ती कडा सोडून उलथन्याभोवती गोळा व्हायला लागेल आणि कडेला तूप चमकेल. घाई करणारे नेमके फदफदतानाच गॅस बंद करतात. कणभर गोळा ताटलीवर गार करून बोटांत वळून बघा. बोटाला न चिकटता गुळगुळीत गोळी झाली पाहिजे. शंका असेल तर पुन्हा तोला. तुपाचं वजन सोडून पेस्ट 200 ग्रॅमच्या आसपास आली, की घातलेलं पाणी गेलं. ही पेस्ट कोमट झाल्यावर कोमट बेसनात थोडी थोडी मळा, एकदम ओतू नका.

इतकं करूनही हे लाडू साखरेच्या लाडवांसारखे टिकत नाहीत. बाहेर दोन दिवस, फ्रीजमध्ये आठवडाभर. टिकाऊ हवे असतील तर भिजवायच्या भानगडीतच पडू नका. खारीक कुटून बारीक पूड चाळून घाला, ती कोरडीच असल्यामुळे लाडू रवाळही राहतात. तुमच्या डब्यातले मात्र टाकून द्या. वास आल्यावर परतून वाचवता येत नाहीत.

राहिलं खजुरातल्या साखरेचं. मी "साखर न घालता" लिहिलं होतं, "साखर नसलेले" नाही. मधुमेह असलेल्यांनी हेही मोजूनच खावेत. फोटोबद्दल मला काही म्हणायचं नाही, लाडू कसा वळायचा ते फोटोवरून कळत नाही. पुन्हा करणार असाल तर आटवण्याआधीचं आणि नंतरचं वजन इथे लिहा. मग रेसिपीत खोट आहे का यावर खुशाल बोलू.