परदेशातून येणारी वर्गणी आणि तिची वटणावळ

आमचे मासिक लहान आहे. ते डिजिटल स्वरूपात निघते आणि त्याचे काही वर्गणीदार अमेरिका, ब्रिटन व आखाती देशांत राहतात. मराठीत असे अंक काढणारी मंडळी परदेशातील वर्गणीचा आकडा ठरवताना रुपयांतील किमतीला इंटरनेटवर दिसणाऱ्या डॉलरच्या भावाने भागतात आणि येईल ते उत्तर जाहीर करतात. आम्हीही दोन वर्षे तेच केले. ही पद्धत चुकीची आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. परदेशातील वाचकाला त्याच्या चलनात, वर्षातून एकदाच, एक ठोक रक्कम सांगावी. रूपांतराचा सगळा खर्च प्रकाशकाने आपल्या अंगावर घ्यावा आणि तो किंमत ठरवतानाच मोजून धरावा.

आमचा अनुभव आकड्यांत सांगतो. भारतात आमची वर्गणी महिना १५० रुपये आणि वर्षाला १५०० रुपये आहे. परदेशासाठी आम्ही दरमहा २ डॉलर ठेवले होते. हिशेबाला सोपा म्हणून डॉलरचा भाव ८५ रुपये धरू; त्या भावाने २ डॉलरचे १७० रुपये होतात, म्हणजे २० रुपये वरच मिळतात, असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात ज्या कंपनीमार्फत पैसे येत, ती प्रत्येक व्यवहारावर ४.४ टक्के आणि त्याशिवाय ३० सेंट कापून घेत असे. दोन डॉलरमधून असे सुमारे ३९ सेंट गेले की १.६१ डॉलर उरत आणि त्यांचे रुपये करताना कंपनी बाजारभावापेक्षा ४ टक्के कमी, म्हणजे ८१.६० रुपयांचा भाव लावत असे. बँकेत जमा होत ते सुमारे १३१ रुपये. भारतातील वाचकाकडून मिळणाऱ्या रकमेपेक्षाही हे कमी होते. यातील टक्केवारीची कपात पावतीवर स्पष्ट दिसते, पण भावातील फरक कोणत्याही ओळीत शुल्क म्हणून लिहिलेला नसतो, त्यामुळे तो वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

हा फरक ओळखण्याची रीत मात्र साधी आहे. खात्यात जमा झालेल्या रुपयांना कापाकापीनंतर उरलेल्या डॉलरनी भागावे आणि येणारा भाव त्या दिवशीच्या संदर्भ दराशी ताडून पाहावा. हा संदर्भ दर पूर्वी रिझर्व्ह बँक जाहीर करत असे; जुलै २०१८ पासून तो FBIL ही संस्था कामकाजाच्या दर दिवशी जाहीर करते. आम्ही सलग तीन महिन्यांच्या नोंदी अशा ताडून पाहिल्या, तेव्हा खरी गळती कुठे आहे ते कळले.

कपातीतील ३० सेंट ही ठरावीक रक्कम आहे, मग वर्गणी २ डॉलर असो की २० डॉलर. महिन्याच्या वर्गणीत ती वर्षातून बारा वेळा जाते. म्हणून आम्ही उलट बाजूने हिशेब मांडला. हातात १५०० रुपये पडायला हवेत, तर ८१.६० च्या भावाने १८.३८ डॉलर लागतात, त्यात ०.३० मिळवून ०.९५६ ने भागले की १९.५४ येतात, म्हणजे वर्षाला २० डॉलर ही योग्य किंमत ठरते. २० डॉलरचे आमच्या हातात सुमारे १५३६ रुपये येतात. याउलट दरमहा २ डॉलरप्रमाणे वर्षाला २४ डॉलर घेतले, तर सुमारे १५७७ रुपये येत होते. वाचकाने ४ डॉलर जास्त द्यायचे आणि त्यातून आम्हाला जेमतेम ४१ रुपये मिळायचे, हे पाहिल्यावर परदेशासाठी मासिक वर्गणी बंद करण्याचा निर्णय घ्यायला वेळ लागला नाही.

काही संपादकमित्र म्हणतात की किंमत रुपयांतच ठेवावी, रूपांतराचे वाचकाची बँक पाहून घेईल. हा मार्गही आम्ही वापरून पाहिला. न्यू जर्सीतील एका वाचक काकूंनी आपल्या कार्डाच्या विवरणपत्राचा फोटो पाठवला होता. त्यात आमच्या मासिकाच्या नावापुढे १.७६ डॉलर आणि खाली वेगळ्या ओळीत परदेशी व्यवहाराचे ५ सेंट होते. “अहो, ही दुसरी ओळ कशाची? आणि गेल्या महिन्यात रक्कम वेगळी का होती?” असे त्यांनी विचारले होते. रक्कम पाच सेंटांची असली, तरी आपण जाहीर केलेल्या किमतीपेक्षा वाचकाला वेगळे पैसे पडावेत, हे मला पटत नाही. डॉलरमध्ये किंमत लावूनही विक्रेता भारतातला आहे म्हणून काही बँका हे शुल्क आकारतात. ते आपल्या हातात नसते, म्हणून वर्गणीच्या पानावर तसे स्पष्ट लिहून ठेवावे.

वर्गणी परत करताना नुकसान सर्वांत जास्त होते. एका वाचकाने चुकून दोनदा २० डॉलर भरले. आम्ही पूर्ण रक्कम लगेच परत केली, पण आधी कापलेले शुल्क कंपनीने परत दिले नाही आणि डॉलर पुन्हा विकत घेण्यासाठी वरच्या बाजूचा ४ टक्के फरक, म्हणजे ८८.४० चा भाव लावला. आले होते १५३६ रुपये आणि गेले १७६८ रुपये. तरीही वाचकाला त्याचे २० डॉलर पूर्ण परत मिळालेच पाहिजेत असे मी मानतो. अशा प्रसंगांसाठी वर्षाला थोडी रक्कम बाजूला ठेवावी लागते.

एखाद्या महाराष्ट्र मंडळाने पंधरा जणांची वर्गणी एकत्र बँकेतून पाठवली, तर चित्र बदलते. चलन रूपांतरावर बँक जो जीएसटी लावते, तो एक लाख रुपयांपर्यंतच्या रकमेच्या १ टक्क्यावर मोजता येतो, पण ही मोजणी किमान २५० रुपयांवर होते. त्यावर १८ टक्के म्हणजे किमान ४५ रुपये. पंधरा जणांनी प्रत्येकी २० डॉलर वेगवेगळे पाठवले तर हे ४५ रुपये पंधरा वेळा, म्हणजे ६७५ रुपये जातात. एकत्र ३०० डॉलर आले तर सुमारे ४६ रुपयांत काम भागते. बँकेचे स्वतःचे शुल्क याशिवाय असते आणि वाटेतील मध्यस्थ बँकही काही डॉलर कापून घेऊ शकते. म्हणून पाठवणाऱ्याने सर्व शुल्क स्वतः भरण्याचा पर्याय निवडला आहे का, हे आधी विचारावे आणि तसे असल्यास त्या मंडळाला तेवढी सवलत द्यावी.

आणखी एक मार्ग बऱ्याच अनिवासी वाचकांना ठाऊक नसतो. त्यांच्यापैकी अनेकांची भारतात एनआरई किंवा एनआरओ खाती असतात. २०२३ पासून अमेरिका, ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर अशा काही देशांच्या मोबाइल क्रमांकांवरून ही खाती यूपीआयला जोडता येतात, फक्त त्यांच्या बँकेने ती सोय दिलेली असावी लागते. असा वाचक सरळ १५०० रुपये भरतो आणि आमच्या व्यवहारात रूपांतर होतच नाही. या रकमेला परकीय चलन आल्याचा दाखला मात्र मिळत नाही, म्हणून आमचे हिशेबनीस ती निर्यातीच्या रकमांपासून वेगळ्या रकान्यात लिहितात.

आता आमच्या वर्गणीच्या पानावर आधी यूपीआयचा पर्याय आहे आणि त्याखाली वर्षाचे २० डॉलर. भाव दर सहा महिन्यांनी तपासतो, परंतु ज्याने वर्गणी भरली आहे त्याची किंमत वर्ष पूर्ण होईपर्यंत बदलत नाही.