मेहुण्यांचं स्टॉपवॉच

साइट परदेशात स्लो आहे, हे काल व्हिडिओ कॉलवर मला क्लायंटच्या मेहुण्यांनी सुनावलं. ते परदेशात राहतात, म्हणून परदेशातल्या समस्त युजर्सचं प्रतिनिधित्व त्यांच्याकडेच. वेग ते तोंडानं मोजतात.

"एक... दोन..."

"अहो, एंटर दाबलंत का?"

"थांबा हो, आधी मोजायला सुरुवात तर करू द्या. तीन..."

"फोटो दिसतोय की!"

"दिसतोय ना. पाच... सहा..."

"मग अजून काय मोजताय?"

"मध्येच थांबलं की लय बिघडते."

लगेच क्लायंट: "बघा, सात सेकंद! मग सीडीएनचे पैसे कशाला भरतोय?" सीडीएन म्हणजे साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर साठवून प्रत्येकाला जवळच्या सर्व्हरवरून देणारी सेवा.

वैताग याचा, की आकडा बोगस असला तरी तक्रार खरी होती. मेहुण्यांकडून नेटवर्क टॅब उघडून घेतला (त्यात अर्धा तास गेला, तो बिलात लावता येत नाही). फोटो त्यांच्या जवळच्या सर्व्हरवरून झटकन येत होते. होम पेजचं एचटीएमएल मात्र तिथे साठवलेलंच नव्हतं, दरवेळी मूळ सर्व्हरवरून यायचं, असं:

```
cache-control: private, no-store
set-cookie: sid=...
x-cache: MISS
```

का? तर क्लायंटनं हट्टानं होम पेजवर 'नमस्कार, पाहुणे!' लावून घेतलंय. त्यासाठी प्रत्येकाला सेशन कुकी, आणि कुकी देणारं पान सीडीएन सहसा साठवत नाही. बरोबरच आहे, नाहीतर एकाची कुकी दुसऱ्याच्या गळ्यात पडेल.

मूळ सर्व्हर 12,000 किमी लांब. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किमी जातो, म्हणजे सरळ रेषेतही जाऊन-येऊन 120 मिलिसेकंद. वाकड्यातिकड्या केबलींतून 200 धरा. कनेक्शन जुळवायला टीसीपीची एक फेरी, ते सुरक्षित करायला टीएलएसची एक, पान मागायची एक. मेहुण्यांचं कनेक्शन जवळच्या सर्व्हरशीच जुळतं, पण साइटवर गर्दी नसल्यानं त्या सर्व्हरचं मूळ सर्व्हरशी आधीचं कनेक्शन उघडं नसतं, आणि तिन्ही लांब फेऱ्या त्यालाच माराव्या लागतात. 600 मिलिसेकंद प्रवासात, वर पान तयार व्हायला लागेल तो वेळ. तोवर ब्राउझरला कुठले फोटो मागायचे हेसुद्धा ठाऊक नसतं!

नमस्कार काढा म्हटलं, तर "आपुलकी जाते." शेवटी तो पान उघडल्यावर वेगळ्या रिक्वेस्टनं आणला, कुकीही तिकडेच हलवली, आणि पानाला लावलं:

```
cache-control: public, max-age=0, s-maxage=300
```

म्हणजे ब्राउझरनं दरवेळी विचारायचं, पण सीडीएननं 5 मिनिटं साठवलेलं पान द्यायचं. मुदत संपल्यावर येणाऱ्या पहिल्या माणसाला पुन्हा लांबचा फेरा पडतो, आणि तो माणूस मेहुणेच असणार याची मला खात्री आहे.

आज `x-cache: HIT`, पहिला बाइट 40 मिलिसेकंदांत. मेहुणे "एक" म्हणेपर्यंत पान हजर.

"मी राउटर बदलला ना काल," ते म्हणाले.

क्लायंटला हे पटलं. आता तो विचारतोय, सीडीएन बंद केलं तर महिन्याला किती वाचतील.