"आता काळा येणारच!"

पत्ते खेळायला चार जण बसले की हे वाक्य कुणी ना कुणी म्हणतंच. सलग सात-आठ लाल पत्ते निघालेले असतात आणि एखाद्याला एकदम साक्षात्कार होतो: आता काळ्याची पाळी. मग शेजारी बसलेला हुशार गडी त्याला गप्प करतो, "अरे, पत्त्यांना काय आठवण असते का? शक्यता पन्नास-पन्नास टक्केच."

पहिल्याची चूक सगळ्यांना माहीत आहे. मला खटकतो तो दुसरा. नाण्याबद्दल पाठ केलेलं उत्तर तो पत्त्यांना चिकटवतो. नाणं विसरभोळं असतं हे खरं, पण पत्त्यांच्या कॅटाला आठवण असते. कॅटात 26 लाल आणि 26 काळे असतात, आणि बाहेर निघालेला पत्ता परत आत गेला नसेल तर आत काय उरलंय ते बदललेलं असतं. म्हणून टेबलावर वाद घालण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: निघालेला पत्ता परत कॅटात गेला की बाजूला पडला?

बाजूला पडला असं धरू. ताजा, नीट पिसलेला कॅट, वरचे आठही पत्ते लाल. (हे होतं बरं का, साधारण 480 वेळा पिसलं तर एकदा.) आता उरले 44 पत्ते, त्यात 18 लाल आणि 26 काळे. पुढचा काळा असण्याची शक्यता 26 भागिले 44, म्हणजे जवळपास 59 टक्के. म्हणजे "काळा येणारच" म्हणणाऱ्याची दिशा बरोबर आहे, आवाज मात्र फार मोठा आहे. त्याच्या डोक्यात 90 टक्के असतात, कॅटात 59 असतात. आणि आठ कॅट एकत्र करून खेळत असाल तर तेच आठ लाल गेल्यावर काळ्याची शक्यता जेमतेम 51 टक्के होते. 416 पत्त्यांच्या ढिगातून आठ गेले काय आणि राहिले काय!

पत्ता दर वेळी परत ठेवून नीट पिसत असाल तर मात्र हुशार गड्याचं बरोबर. आठ लालनंतरही पन्नास टक्केच. इथे लोक हमखास विचारतात, "मग सरासरीचं काय? शेवटी सगळं सारखं होतंच ना?" होतं, पण जुनी बाकी चुकती करून नाही. आठ लाल निघाले, त्यानंतर आणखी हजार पत्ते काढले, तर त्या हजारात अपेक्षा 500 लाल आणि 500 काळ्यांचीच आहे. एकूण हिशेब 508 विरुद्ध 500, लालचा वाटा 50.4 टक्के. ते जादाचे आठ लाल कुणी फेडले नाहीत, ते तिथेच आहेत. फक्त ढीग एवढा वाढला की त्यात ते दिसेनासे झाले.

आता मला जे खरं सांगायचंय ते. पत्ता बाजूला पडत असतानाही बहुतेक जण चुकीची गोष्ट मोजतात. ते सलग किती लाल आले ते बघतात. कॅटाला सलगपणाशी काही देणंघेणं नसतं, त्याच्यासाठी एकूण किती गेले एवढंच महत्त्वाचं.

समजा सुरुवातीला बारा काळे पत्ते निघून गेले. गप्पा चालू होत्या, कुणी लक्ष दिलं नाही. मग ओळीने आठ लाल आले आणि टेबल जागं झालं. "आठ लाल! आता काळाच!" जरा मोजा. एकूण 20 पत्ते गेले, 32 उरले. काळे उरले 14, लाल उरले 18. पुढचा पत्ता लाल असण्याची शक्यता 56 टक्के! आठ लाल डोळ्यांसमोर पडलेले असताना नवव्या लालवर पैज लावणं हेच इथे शहाणपणाचं आहे, आणि टेबलावर असं बोलायची कुणाची हिंमत होत नाही. ज्याला शेवटचे आठ आठवतात पण आधीचे बारा आठवत नाहीत, त्याला कॅटाची आठवण काय कामाची?

पुढचा भाग मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडतो. खेळ साधा आहे. वाटणारा नीट पिसलेल्या कॅटातून एकेक पत्ता उघडत जातो. तुम्ही कधीही, पण एकदाच, म्हणायचं: "पुढचा काळा." काळा आला तर जिंकलात, लाल आला तर हरलात. शेवटपर्यंत गप्प बसलात तर शेवटच्या पत्त्यावर तुमचं "काळा" आपोआप धरलं जाणार. रंग बदलायची मुभा नाही.

कुणालाही वाटेल की इथे मोजणाऱ्याचा फायदा आहे. लाल जास्त जाईपर्यंत थांबायचं, काळ्यांचं पारडं जड झालं की बोलायचं. वर 59 टक्के निघालेच होते की!

फायदा शून्य. कितीही डोकं लावा, जिंकायची शक्यता बरोबर अर्धी. ना कमी, ना जास्त.

चारच पत्ते घेऊन करून बघा, दोन लाल आणि दोन काळे. ते सहाच प्रकारे लागू शकतात, आणि सहाही क्रम सारख्याच शक्यतेचे. आपली युक्ती अशी: उघडलेल्यांत लाल पत्ते काळ्यांपेक्षा जास्त झाले रे झाले की बोलायचं.

लाल-लाल-काळा-काळा: पहिल्या लालनंतर बोललो, दुसराही लाल, हरलो.
लाल-काळा-लाल-काळा: जिंकलो.
लाल-काळा-काळा-लाल: जिंकलो.
काळा-लाल-लाल-काळा: तिसऱ्या पत्त्यानंतर लाल पुढे गेले, बोललो, जिंकलो.
काळा-लाल-काळा-लाल: लाल कधी पुढे गेलेच नाहीत, शेवटचा गळ्यात पडला, तो लाल. हरलो.
काळा-काळा-लाल-लाल: तीच गत. हरलो.

सहापैकी तीन. बोलायची संधी चार क्रमांत आली आणि त्यातल्या तीनमध्ये जिंकलो, म्हणजे संधी आली तेव्हा 75 टक्के! पण उरलेल्या दोन क्रमांत ती आलीच नाही आणि तिथे हार पक्की होती. वाट बघणाऱ्याच्या लक्षात संधी आलेले डाव राहतात. न आलेल्या डावांत "आज पत्तेच वाईट होते" म्हणून तो मोकळा होतो.

52 पत्त्यांतही हेच होतं. समजा तुम्ही "पुढचा काळा" म्हणालात. त्या क्षणी न उघडलेल्या पत्त्यांचा क्रम कुणालाच माहीत नाही, त्यामुळे वरचा पत्ता काळा असण्याची शक्यता आणि अगदी तळाचा पत्ता काळा असण्याची शक्यता नेमकी सारखी असते. म्हणजे तुमची पैज वरच्या पत्त्याऐवजी तळाच्या पत्त्यावर लावली असं मानलं तरी हिशेब बदलत नाही. पण तळाचा पत्ता तर पिसून झालं तेव्हाच ठरलाय! तुम्ही तिसऱ्या पत्त्याला बोला नाहीतर चाळिसाव्याला, तुमची पैज त्याच एका तळाच्या पत्त्यावर आहे, आणि तो काळा असण्याची शक्यता 52 पैकी 26. पहिल्यांदा हे समजावून घेताना मला दोनदा कागद-पेन घ्यावं लागलं, आणि तरीही थोडा राग आलाच.

मग आठवण वापरताच येत नाही का? येते, पण नियम बदलले तर. प्रत्येक पत्त्याआधी रंग सांगायचा आणि दर वेळी जो रंग जास्त उरलाय तो सांगायचा, तर 52 पैकी सरासरी 30 बरोबर येतात. न मोजणाऱ्याचे 26 येतात. फरक असा की इथे कुठलाही रंग सांगायची मोकळीक आहे आणि एकही पत्ता हातचा जात नाही. "आता काळा येणारच" म्हणून टपून बसणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं.

राहता राहिलं पिसणं. वर मी सारखं "नीट पिसलेला" म्हणतोय, आणि घरगुती डावात नेमकं तेच होत नाही. 1992 साली बेयर आणि डायकोनिस या दोन गणितज्ञांनी दाखवलं की कॅटाचे दोन भाग करून फर्रकन एकमेकांत मिसळायची पद्धत वापरली तर 52 पत्ते चांगले मिसळायला साधारण सात वेळा तसं करावं लागतं. आपण दोन-तीनदा करतो आणि "बस झालं, वाट आता" म्हणतो. बरेच जण तर हातात धरून नुसते थोडे थोडे गठ्ठे पुढे-मागे करतात, त्या पद्धतीला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. गंमत अशी की गठ्ठे पुढे-मागे करताना मागच्या डावात एकत्र पडलेले आठ लाल बरेचसे एकत्रच राहतात. मग नव्या डावात त्यातला एक लाल निघाला की पुढचा लालच असण्याची शक्यता वाढते. "लाल झाले, आता काळा" म्हणणारा आळशी पिसणाऱ्याच्या टेबलावर दुहेरी मार खातो. एकाच डावात दोन-तीन वेळा ओळखीचे पत्ते त्याच जोडीने येताना दिसले, तर समजा की पिसणं झालेलंच नाही.

कॅसिनोवाल्यांना हे सगळं आपल्यापेक्षा चांगलं कळतं. 1962 मध्ये एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकाने पुस्तक लिहून मांडलं की ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या जुगारात गेलेले पत्ते मोजून खेळणाऱ्याला खरोखर फायदा मिळवता येतो. तेव्हापासून तिथे अनेक कॅट एकत्र करणं, ढीग संपायच्या बराच आधी नव्याने पिसणं आणि आता तर वापरलेले पत्ते सतत परत आत घेणारी यंत्रं, हे सगळं सुरू झालं. त्याच कॅसिनोत रूलेट या फिरत्या चाकाच्या खेळाच्या टेबलाशेजारी मात्र आधीचे आकडे दाखवणारा झगझगीत फलक असतो, आणि बॅकरॅटच्या टेबलावर आधीचे निकाल टिपून ठेवायला कागद आणि पेन्सिल फुकट मिळते.