बिनसंवादाच्या ॲनिमेशनमध्ये लिहायचं काय?

"संवाद नसलेल्या शॉर्ट ॲनिमेशनला स्क्रिप्ट लागत नाही. बोलणंच नाही तर लिहिणार काय? डायरेक्ट स्टोरीबोर्ड काढा. लिहायचंच असेल तर पात्राच्या मनात काय चाललंय ते लिहा, ॲनिमेटर चेहऱ्यावर दाखवतो. एक पान म्हणजे एक मिनिट, एवढं धरा. आणि कुठे अडलंच तर म्युझिक सांभाळून घेतं."

ॲनिमेशन शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर हे फिरत असतं. एकेक मुद्दा घेऊ.

स्क्रिप्टपासून सुरुवात करू. जपानच्या कुनिओ कातो यांची 'ला मेझाँ आँ पती क्यूब' ही बारा मिनिटांची फिल्म. मूळ आवृत्तीत एकही संवाद नाही. 2009 साली तिला ऑस्कर मिळालं. दिग्दर्शक स्वतः उत्तम चित्रकार, तरी पटकथेचं श्रेय वेगळ्या माणसाचं आहे, केन्या हिराता यांचं. 'फ्लो' (2024) ही बिनसंवादाची फिल्म तर याहून मजेशीर. तिथे दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोदिस यांनी स्टोरीबोर्ड काढलेच नाहीत, थेट थ्रीडीत ॲनिमॅटिक, म्हणजे फिल्मचा कच्चा हलता आराखडा केला. पण पटकथा होती, मातिस काझा यांच्यासोबत लिहिलेली. म्हणजे वगळलं गेलं ते स्टोरीबोर्ड, स्क्रिप्ट नव्हे.

कारण साधं आहे. प्रेक्षकाला काय, कधी आणि कोणत्या क्रमाने कळणार, हे आधी ठरावं लागतं, आणि ते ठरवायची सर्वांत स्वस्त जागा कागद. एक घटना दोन घटनांच्या आधी घ्यायची झाली तर स्क्रिप्टमध्ये एक ओळ वर सरकवायची. स्टोरीबोर्डात त्याच बदलासाठी वीसेक चौकटी पुन्हा काढायची वेळ येते, आणि मेहनतीने काढलेली चौकट फेकायला कुणाचाही हात धजत नाही. शिवाय स्टोरीबोर्ड बहुतेकदा काळ्या पेन्सिलीत असतो. गोष्ट जर रंगावर उभी असेल तर तो रंग कुठेतरी लिहिलेला पाहिजे. जो स्वतः लिहितो, काढतो, हलवतो, त्याने चित्रांतच विचार केला तर माझी तक्रार नाही. पण मग हे निर्णय त्याच्या डोक्यात झालेले असतात. दुसरा माणूस कामाला आला की तेच निर्णय तोंडी समजावून घसा कोरडा पडतो.

आता मुख्य भांडण: पात्राचं मन. एक गोष्ट धरून बोलू. टँकरच्या पाण्यावर जगणारं गाव. दहा वर्षांची मुलगी पाण्याला जाते. आई आता घरात नाही, त्यामुळे ते काम तिच्याकडे आलंय. तिला डोक्यावरून कळशी आणता येत नाही, निम्मं पाणी वाटेतच सांडतं. एक म्हातारी तिला ते शिकवते. चार मिनिटांची फिल्म.

पहिल्या खर्ड्यात हमखास असं लिहिलं जातं: "मुलीला आईची आठवण येते. आपल्यालाही आईसारखं जमलं पाहिजे असं तिला वाटतं." ॲनिमेटरने यावर काय काढायचं? खाली वळलेले डोळे, एक उसासा, फार तर टपोरा अश्रू. प्रेक्षकाला दिसते एक उदास मुलगी. ती का उदास आहे, हे त्या चेहऱ्यावर कुठेच लिहिलेलं नाही. मग कुणीतरी सुचवतं, भिंतीवर आईचा हार घातलेला फोटो लावू. हा फोटो आपल्याकडच्या निम्म्या विद्यार्थी-फिल्मांत असतो. तो आला की मी पुढचं वाचताना सावध होतो. दुसरी पळवाट म्हणजे भांड्यावर घातलेलं नाव. कळशीवर आईचं नाव कोरलेलं दाखवलं की काम झालं, असं वाटतं. पण मग फिल्म बघायची नाही, वाचायची झाली, आणि ज्याला देवनागरी येत नाही तो तिथेच बाहेर.

त्याऐवजी पान असं लिहिता येतं:

पहाट. एकखणी घर. मोठी गोधडी, दोघींना पुरेल अशी. मुलगी एका कडेला झोपलेली, दुसरी कड सपाट.
गोधडीच्या मधोमध ठिगळ: हिरव्यावर पिवळे ठिपके.
मुलगी चवडे उंचावून खुंटीवरची चुंबळ काढते. हिरव्यावर पिवळे ठिपके.
चुंबळ डोक्यावर ठेवते. ती घसरून डोळ्यांवर येते.
वर सरकवते. पुन्हा घसरते.
एका हाताने चुंबळ धरून, दुसऱ्या हाताने कळशी उचलून ती बाहेर पडते.

यात भावनेचा एकही शब्द नाही. पण खुंटी मोठ्या माणसाच्या उंचीवर आहे, चुंबळ मोठ्या डोक्याच्या मापाची आहे, ती ज्या साडीची आहे त्याच साडीचं ठिगळ गोधडीत आहे, आणि गोधडीची एक बाजू रिकामी आहे. चार वस्तू प्रेक्षक स्वतः जोडतो, आणि स्वतः जोडलेलं तो विसरत नाही. यासाठी स्क्रिप्टमध्ये एक सूचना मात्र ठळक हवी: हिरव्यावर पिवळे ठिपके हे कापड अख्ख्या फिल्ममध्ये दुसरीकडे कुठेही दिसता कामा नये. रांगेतल्या एखाद्या बाईच्या अंगावर रंगवणाऱ्याने हौसेने तीच साडी चढवली, तर गोष्ट तिथेच फुटली.

लिहून झालं की क्रियापदं तपासायची. वाटतं, आठवतं, कळतं, ठरवते, जाणवतं ही खोडून बघायची. खोडल्यावर मागे दिसण्याजोगी कृती उरली नाही, तर तो प्रसंग अजून लिहिलेलाच नाही. 'नाही' हा शब्दही असाच फसवा. चित्रात फक्त असलेलं दिसतं. नसलेलं दाखवायचं तर आधी असलेलं दाखवावं लागतं. मुलीला डोक्यावरून कळशी नेता येत नाही, हे कळण्यासाठी आधी दोन बायका हात मोकळे सोडून, गप्पांच्या हातवाऱ्यांसकट, डोक्यावर हंडे घेऊन जाताना दिसल्या पाहिजेत. हा शॉट मुलीच्या धडपडीनंतर घातला तर उपयोग नाही, तोवर प्रेक्षकाने तिला वेंधळी ठरवलेलं असतं.

काही गोष्टी चित्र सांगतच नाही, हेही मान्य करावं. आई वारली की ऊसतोडीला गेली, हे वरच्या पानावरून कळत नाही. ते कळायलाच हवं का, हा लेखकाने घ्यायचा निर्णय आहे. हंगाम संपून आई परत येते असा शेवट असेल, तर जाणारा ट्रक आधी दाखवावाच लागेल. इथे तसा शेवट नाही. मी ते मोकळं सोडेन.

पान आणि मिनिटाचं गणित प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या, संवादांनी भरलेल्या पटकथांवरून आलंय, आणि तिथेही ते अंदाजापुरतंच. संवाद गेले की ते कोसळतं. "रांगेतली भांडी एकेक करून भरत जातात" या एका ओळीला पडद्यावर अर्धं मिनिट लागू शकतं. "कळशी कलंडते, ती सावरते, पाणी सांडतं, कुत्रं दचकून पळतं" यात चार घटना आहेत आणि वेळ तीन सेकंदांचा. त्यामुळे स्टॉपवॉच लावून प्रसंग स्वतः उभं राहून करायचा आणि समासात सेकंद लिहायचे. लाज वाटली तर दार लावून घ्या. प्रत्येक नव्या नजरेला नवी ओळ केली की 'क्लोजअप', 'पॅन' असले शब्द न लिहिताही शॉटची लय कागदावर दिसते. 'वॉल-ई'च्या (2008) पटकथेत अँड्र्यू स्टँटन यांनी अशीच आखूड, तुटक ओळींची पद्धत वापरली होती. तिच्या सुरुवातीच्या मोठ्या भागात संवाद जवळजवळ नाहीतच, तरी तिला मूळ पटकथेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं.

सेकंदांचा हा हिशेब मुलखाचा महाग आहे. सेकंदाला 24 फ्रेम, आणि एक चित्र दोन फ्रेम धरलं तर 12 चित्रं. चार मिनिटांची 2880 चित्रं झाली. "ती रोज पाण्याला जाते" असं सहज लिहून जातो, पण 'रोज' एका शॉटात मावत नाही. तोच प्रसंग दुसऱ्यांदा, एखादा बदल करून दाखवावा लागतो. त्याला 20 सेकंद धरले तरी 240 चित्रं. एका शब्दापायी. म्हणून दुसरा दिवस ठेवायचा तर त्याच्याकडून कामही करून घ्यायचं: त्या दिवशी मुलगी चुंबळ काखेत मारून कळशी कमरेवर घेते, आणि रांगेतली म्हातारी ते बघते.

उरलं संगीत. ॲनिमॅटिकखाली करुण सूर टाकला की कुठलाही प्रसंग अर्थपूर्ण वाटतो, हीच त्यातली गोम. ॲनिमॅटिक पहिल्यांदा आवाज बंद करूनच बघावं. ध्वनी मात्र स्क्रिप्टमध्ये लिहावा, पण जो काम करतो तोच. भांडं भरत आलं की पाण्याचा आवाज वरच्या पट्टीत चढत जातो, हे प्रत्येकाच्या कानाला ठाऊक आहे. आपल्या फिल्ममध्ये मुलीची कळशी काठोकाठ भरते, मागे म्हातारीचा हंडा लागतो, सूर चढू लागतो आणि मध्येच अडतो. मुलगी निघालेली, ती पाठमोरीच थांबते. टँकर संपला, हे रिकामा टँकर न दाखवता कळलं. मग ती परत येऊन निम्मं पाणी हंड्यात ओतते, म्हातारी चुंबळ उलगडते, साडीची लांब पट्टी मोकळी होते, आणि ती पुन्हा वळते, या वेळी मुलीच्या डोक्याच्या मापाने.

हे आवाज घातलेलं पण बिनसंगीताचं ॲनिमॅटिक गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला दाखवायचं. "कळलं का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "काय झालं, सांग" म्हणा. सांगताना तो जिथे 'बहुतेक' म्हणेल तिथे दुवा सुटलाय. म्हातारी तिची आजी आहे असं तो म्हणाला तर सोडून द्या, गोष्टीला धक्का लागत नाही. पण "म्हातारीने पाणी मागितलं म्हणून पोरीने दिलं" असं म्हणाला तर लागतो, कारण पाणी न मागता दिलेलं आहे. अशा वेळी स्क्रिप्टकडे परत जायचं आणि ओतण्याच्या आधी एक ओळ घालायची: म्हातारी अर्धवट हंडा उचलून घराकडे वळते.