बाळाच्या झोपेची गॅरंटी विकणाऱ्यांबद्दल

दुपारी आमच्या आयांच्या ग्रुपवर कुणीतरी परत तसलीच लिंक टाकली. 'चौदा रात्रींत बाळ रात्रभर झोपेल, नाहीतर पैसे परत. आज रात्री बारापर्यंत निम्म्या किमतीत.' खाली घड्याळ उलटं धावतंय. आणि त्याखाली सात महिन्यांच्या मुलाच्या आईनं विचारलंय, 'कुणी घेतलाय का हा कोर्स? घेऊ का?' तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून इथेच लिहिते. तिलाही टॅग करणार आहे.

माझ्या धाकट्या बहिणीनं गेल्या वर्षी एका 'स्लीप कन्सल्टंट'बाईंकडून असं पॅकेज घेतलं होतं. हाच कोर्स नव्हे, पण साचा तोच. २६ आठवड्यांची रजा संपून ती वेर्ण्याच्या कंपनीत परत रुजू झाली होती. फोंड्याहून सकाळची बस, आणि रात्री पोरगी तासातासाला उठणारी. साडेअठरा हजार रुपये भरले तिनं. पगाराचा जवळजवळ निम्मा. मला आधी सांगितलं नाही, कारण मी काय म्हणणार हे तिला ठाऊक होतं.

पैसे भरण्याआधी तिच्याकडून एक फॉर्म भरून घेतला होता. तो तिनं मला नंतर दाखवला. बाळ किती वाजता झोपतं, कुणाजवळ झोपतं, तुम्हाला कोणता बदल हवा, तुम्ही स्वतःवर किती खर्च करायला तयार आहात, असे प्रश्न. बाळाचं वजन कुठेच विचारलेलं नाही. घोरतं का, तोंडानं श्वास घेतं का, झोपेत पाय झाडतं का, दिवसभरात खातं काय, यातलं एकही नाही. माझ्या मते माणूस ओळखायला एवढं पुरे. जो पैसे घेण्याआधी हे विचारत नाही, त्याला मूल का उठतंय हे शोधायचंच नसतं. त्याच्याकडे उत्तर आधीपासून तयार असतं.

आणि ते उत्तर काय होतं? संध्याकाळी सातला बाळाला जागं असतानाच पाळण्यात ठेवायचं, खोलीबाहेर जायचं. रडलं तर तीन मिनिटांनी आत जाऊन थोपटायचं, पण उचलायचं नाही. मग पाच मिनिटांनी, मग दहा. दुसऱ्या रात्री वेळ वाढवायचा. ही पद्धत बॉस्टनच्या रिचर्ड फर्बर नावाच्या डॉक्टरांनी १९८५ साली लोकांसमोर मांडली. चाळीस वर्षं ती सगळीकडे वाचायला मिळते, फुकट. बहिणीला आली ती तीच पद्धत, गुलाबी रंगाच्या पीडीएफमध्ये, वर बाळाचं नाव टाकून.

पद्धत खोटी नाही, हे मान्य करते. पुष्कळ घरांत तिचा उपयोग होतो, आणि ऑस्ट्रेलियात अशा मुलांना पाच वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा त्यांच्यावर काही वाईट परिणाम दिसला नाही. झालं, मान्य केलं. पण पद्धत चालते म्हणजे ती प्रत्येक बाळावर चालते असं नव्हे. आणि त्या पीडीएफचे साडेअठरा हजार होतात असं तर मुळीच नव्हे.

बहिणीचं घर वन बीएचके. हॉलमध्ये सासूबाई झोपतात, आतल्या खोलीत ही तिघं. प्लॅन म्हणतो, बाळाला वेगळी खोली द्या, खिडकीला काळे पडदे लावा, रात्रभर एकसुरी सळसळ करणारं 'व्हाइट नॉइज'चं यंत्र चालू ठेवा. जून महिना. फोंड्यात पावसाची पहिली सर आली की लायट जाते, हे इथल्या पोराटोरांनाही माहीत. पंखा बंद, यंत्र बंद, काळ्या पडद्यांमुळे वारा बंद, आणि घामानं भिजलेली नऊ महिन्यांची पोर पाळण्यात रडतेय. बाहेर आई घड्याळाकडे बघत पाच मिनिटं मोजतेय. सासूबाईंनी न राहवून तिला उचललं आणि खांद्यावर टाकून गुणगुणत फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी त्या कन्सल्टंटबाईंचा मेसेज आला: घरातली माणसं सहकार्य करत नसतील तर निकाल येणार नाही.

हे वाचून मी रागानं थरथरले होते. अजूनही येतो राग. आजीनं रडणारी नात उचलली, तर तो गुन्हा?

आणि तो मेसेज सकाळी दहानंतर आला होता. कारण 'चोवीस तास साथ' असं जाहिरातीत होतं खरं, पण उत्तरं द्यायची वेळ दहा ते सहा. बाळ उठतं रात्री दोनला.

आता त्या गॅरंटीकडे या. बारीक अक्षरातल्या अटी बहिणीनं मला पाठवल्या होत्या. रोजचा तक्ता भरायचा: प्रत्येक डुलकी, प्रत्येक दूध, प्रत्येक जाग, वेळेसकट. एक नोंद चुकली तर गॅरंटी रद्द. ताप आला, लस झाली, प्रवास झाला तर पहिल्या रात्रीपासून पुन्हा सुरुवात, पण पॅकेजचे चौदा दिवस मात्र पुढेच मोजणार. शेवटी, 'डिजिटल साहित्य उघडल्यावर परतावा नाही.' म्हणजे बघा, पोर झोपली तर श्रेय त्यांचं, नाही झोपली तर आई कमी पडली. यात हरायची जागाच ठेवलेली नाही. जे वचन मोडूच शकत नाही, त्याचे पैसे कसले घेता?

त्यात ही मुलं मोठी होत असतात, हे कुणी सांगत नाही. कॅनडातल्या एका अभ्यासात वर्षाच्या झालेल्या मुलांपैकी ४३ टक्के मुलं सलग आठ तास झोपत नव्हती. बहिणीला हे आधी कळतं तर 'माझ्याच पोरीत काहीतरी बिघाड आहे' असं रात्री-बेरात्री रडत मला फोन करून म्हणाली नसती. आणि जी मुलं सुधारतात त्यातली कित्येक त्या दोन आठवड्यांत आपोआपही सुधारली असती. कोर्सच्या पानावर दहाव्या दिवसाचे आनंदी मेसेज असतात. दुसऱ्या महिन्याचा एकही नसतो.

आता या पोरीचं काय झालं ते सांगते. तक्ता भरताना बहिणीच्या एक गोष्ट लक्षात आली होती. पोरगी नुसती उठत नव्हती, झोपेतच तळमळायची. पाय घासायची, लाथा मारायची, या कुशीवरून त्या कुशीवर. दूध दिल्यावरही तासाभरात तेच. तिनं हे कन्सल्टंटबाईंना लिहिलं. उत्तर आलं, 'सातत्य ठेवा.' शेवटी ती नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेली. त्यांनी पापणी खाली ओढून पाहिली, फिकट. काय खाते विचारलं. अंगावरचं दूध आणि तांदळाची पेज, बाकी सगळं थुंकते. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.१, फेरिटिनही कमी. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. जन्मताना मिळालेला साठा साधारण सहा महिन्यांत संपत येतो, आईच्या दुधात लोह थोडंच असतं, आणि पेजेत तर जवळजवळ नाहीच. लोह कमी असलं की काही मुलांचे पाय झोपेत स्वस्थ राहत नाहीत. डॉक्टरांनी एक गोष्ट मुद्दाम सांगितली: सर्दी-तापात फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून मूल बरं असताना तपासणी करा.

वजनाप्रमाणे लोहाचं औषध सुरू झालं, पेजेत नाचणी, डाळ आणि नंतर अंडं आलं. महिन्या-दोन महिन्यांनी तळमळ कमी झाली. यातलं किती लोहामुळे आणि किती वय वाढल्यामुळे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. अजून ती एकदा उठते. पण डॉक्टरांनी चौदा रात्रींचं वचन दिलं नव्हतं. त्यांनी कारण शोधलं.

लोहाची कमतरता आपल्याकडे इतकी सरसकट आहे की सहा महिन्यांनंतरच्या मुलांना सरकारच आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं सिरप देतं. आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारा. आणि खोलीबाहेर जाऊन मिनिटं मोजल्यानं कुणाच्या रक्तात लोह वाढत नाही.

कुणी म्हणेल, सगळे कन्सल्टंट तसे नसतात. नसतील. काहीजणी आधी डॉक्टरांकडे पाठवतात, सहा महिन्यांखालच्या बाळाचं रात्रीचं दूध तोडायला नकार देतात, अशा मीही ऐकल्यात. पण बाहेरून ओळखणार कसं? 'स्लीप कन्सल्टंट' हे नाव लावायला कुठल्या कौन्सिलची नोंदणी लागत नाही. जे 'सर्टिफाइड' दिसतं ते बहुतेक वेळा दुसऱ्या एखाद्या खाजगी ऑनलाइन कोर्सचं, काही आठवड्यांचं प्रमाणपत्र असतं. डॉक्टर असेल तर मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा, नर्स असेल तर नर्सिंग कौन्सिलचा. देणारा लगेच देतो.

आणि ते उलटं धावणारं घड्याळ! खोटी घाई लावून विकणं हा केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांत नाव घेऊन मना केलेला प्रकार आहे. उद्या तीच लिंक उघडून बघा. घड्याळ पुन्हा बारावर आलेलं दिसलं तर स्क्रीनशॉट घ्या आणि १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला कळवा. बहिणीत तेव्हा तक्रार करण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं, आणि मला वाटतं त्यांचा धंदा नेमका त्यावरच चालतो.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. ज्या आया हे विकत घेतात त्यांच्यावर तर राग कधीच नव्हता. अडीच वाजता एकट्या बसलेल्या बाईला कुणीतरी 'मी आहे ना' म्हणतं, तेव्हा ती पैसे देते. घरातल्या बाप्यांनी रात्रीची एक पाळी उचलली असती तर निम्म्या जणींना ही लिंक उघडायचीच गरज पडली नसती. माझ्या बहिणीच्या नवऱ्यानं नंतर ती उचलली. पहाटेची पाळी त्याची असते आता.

तर सात महिन्यांच्या बाळाची आई, गो, तुला सांगते. आज रात्री बारापर्यंत काहीही भरू नकोस. दोन-तीन रात्री फक्त लिहून ठेव: कधी उठतो, घोरतो का, पाय झाडतो का, दूध प्यायल्यावर शांत होतो की होत नाही. त्याचं वजनाचं कार्ड घे आणि दोन्ही कागद तुझ्या डॉक्टरांना दाखव. तुझे डॉक्टर ऐकून घेत नसतील तर बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात बालरोगाची ओपीडी आहे, सकाळी लवकर जा. तिथे सगळं ठीक निघालं आणि तरीही ती तीन-पाच-दहा मिनिटांची पद्धत करून बघायची असेल, तर मला मेसेज कर. बहिणीची सगळी पीडीएफ माझ्याकडे आहे, त्यात काय लिहिलंय ते मी तुला फोनवर फुकट सांगते.