मशीन बदला म्हणे!

घरच्या साखर मोजायच्या मशीनवर आईची उपाशीपोटी साखर २१२. दहा मिनिटांनी त्याच बोटातून १६८. मेडिकलवाल्याला सांगितलं, तर मान वर न करता म्हणतो, "मशीन जुनं झालंय, नवीन घ्या." अरे बाबा, एकदा तपासून तर बघ! मशीन तपासायचं कंट्रोल सोल्यूशन मागितलं तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दुकानात म्हशीची पेंड मागतोय. चार दुकानं झाली. शेवटी कंपनीच्या नंबरवर फोन करून आठ दिवसांनी ती बोटभर बाटली मिळाली.

त्यात ठरावीक साखर असलेलं पाणीच असतं. बाटली हलवायची, पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा टोपणावर घेऊन पट्टीला लावायचा. आकडा कशाशी ताडायचा? पट्ट्यांच्या डबीवर छापलेल्या रेंजशी. माझ्या डबीवर होती ९६ ते १४४. आला १७१. म्हणजे मशीन गेलंच ना? थांबा! ही चाचणी पट्टी आणि मशीन दोघांची एकत्र असते. कोण खोटं बोलतंय ते ती सांगत नाही. नवी, सीलबंद डबी फोडली, तर ११८. दोष पट्ट्यांचा! आमच्या मातोश्री डबी गॅसच्या वरच्या फळीवर ठेवतात, तीही झाकण अर्धवट लावून. वाफ लागली की पट्टी मेली, एक्स्पायरी पुढच्या वर्षाची असली तरी.

बरं, मशीन सुटलं म्हणून मी खूश. आणि मग खरा संताप. पंधरा दिवस आई सांगतेय, "आज १०६, आज १०३." मी पेढे आणायच्या बेतात. एके सकाळी मशीन चालू होताना सहज बघितलं. सुरुवातीला सगळे अंक एकदम पेटतात, ८८८ दिसायला हवं. दिसलं ८०८! मधल्या अंकाची आडवी रेघच गेलेली. म्हणजे १८६ असेल तर दिसणार १०६. आणि ११८ मधल्या १ ला ती रेघ लागतच नाही, म्हणून कंट्रोलला हे पठ्ठं पास! आई वर म्हणते, "हो, कधी कधी ४ विचित्र दिसायचा, मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला."

हे मशीन आता कचऱ्यात. एवढं कारण असेल तर बदला ना, कोण नाही म्हणतंय! किंवा ताजी डबी, तीन महिन्यांच्या आत उघडलेलं सोल्यूशन आणि तरी दोनदा आकडा रेंजबाहेर, तेव्हाही बदला. आमच्या बाटलीवर उघडल्यापासून तीनच महिने लिहिलेत, म्हणून मी तारीख पेनाने लिहून ठेवलीय. पण काउंटरवरून न बघता "नवीन घ्या" म्हणणाऱ्याने आधी ते ८८८ तरी बघावं की नाही? दोन सेकंदांचं काम आहे हो! मी त्याच्याकडे गेलो त्या दिवशी मशीन चालू करून दाखवलं होतं.