एक बटण जास्त

सोसायटीच्या सेक्रेटरींना ‘भाऊ’ म्हणून निरोप लिहिला, तो ‘बाऊ’ म्हणून गेला. खाली ‘धन्यवाद’ होतं, त्याचं ‘दन्यवाद’ झालं होतं. त्यांचं उत्तर आलं : ‘सर्दी झाली का?’

सर्दी नव्हती. नवा कीबोर्ड होता. मेकॅनिकल, इम्पोर्टेड, लॅमिंग्टन रोडवरून आणलेला. जाहिरातीतल्या फोटोत अमेरिकन मांडणी होती. पैसे भरण्याआधी फोन करून मी विचारलं होतं, “यूएस लेआउटच आहे ना?” तिकडून उत्तर आलं होतं, “हो साहेब, क्वर्टीच आहे.” हे म्हणजे ‘गाडी डिझेलची आहे का’ विचारल्यावर ‘हो, चार चाकं आहेत’ म्हणण्यासारखं झालं. क्वर्टी म्हणजे वरच्या ओळीत क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय, बस. ते लंडनच्या कीबोर्डवरही असतं आणि न्यूयॉर्कच्याही. माझ्या खोक्यातून निघाला लंडनचा.

म्हणजे अँसी मागितला आणि आयएसओ मिळाला. अँसी ही अमेरिकन रचना, आपल्याकडे बहुतेक सगळीकडे दिसते ती. आयएसओ ही युरोपची. पूर्ण आकाराच्या अँसीला १०४ बटणं असतात, आयएसओला १०५. हे एकशेपाचवं बटण डावीकडच्या शिफ्ट आणि झेडच्या मध्ये बसवलेलं असतं. तिथे जागा काही आभाळातून पडत नाही, ती शिफ्टकडून कापून घेतात. अँसीचा डावा शिफ्ट साध्या बटणाच्या सव्वादोनपट रुंद असतो, म्हणजे साधारण ४३ मिलिमीटर. आयएसओमध्ये तो सव्वापट, साधारण २४ मिलिमीटर. माझी करंगळी वर्षानुवर्षं त्या ४३ मिलिमीटरांच्या उजव्या टोकाला, झेडला खेटून टेकत आली आहे. नेमकं तेच टोक कापून तिथे भलतंच बटण लावलं.

इंग्रजी लिहिताना याचा परिणाम म्हणजे ‘Mumbai’ऐवजी ‘\mumbai’. वाचणाऱ्याला वाटतं, माणूस प्रोग्रामर असावा. खरी फजिती मराठीत होते. मी इन्स्क्रिप्ट ही मराठीची मांडणी वापरतो. त्यात क, ग, च, ज, ट, त, द, प, ब हे सगळे उजव्या हाताला येतात, आणि त्याच बटणांवर शिफ्ट दाबला की ख, घ, छ, झ, ठ, थ, ध, फ, भ. अक्षर उजव्या हाताचं, म्हणून शिफ्ट डाव्या हाताचा. मराठीतले हे बहुतेक सगळे महाप्राण माझ्या डाव्या करंगळीच्या भरवशावर जगतात. ती चुकली की घरचं गर होतं, झाडांचं जाड होतं आणि भाऊचा बाऊ होतो.

कीबोर्ड खोक्यात घातला आणि दुकान गाठलं. दुकानदाराने तो काउंटरवरच्या कॉम्प्युटरला जोडला, चार बटणं दाबली, दिवे लागलेले पाहिले.

“चालू तर आहे, साहेब.”

“चालू आहे हो. पण यूएस नाहीये. यात एक बटण जास्त आहे.”

आतापर्यंत शेजारी प्रिंटरची शाई घ्यायला आलेले एक काका शांत उभे होते. हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं. ‘जास्त’ हा शब्द ऐकून ते वळले.

“काय जास्त आहे म्हणालात?”

“बटण, काका.”

“किती?”

“एक.”

“कमी नाही ना काही?”

“नाही.”

“मग भांडताय कशाला?”

“तेच म्हणतोय मी यांना, काका,” दुकानदार म्हणाला. त्याला वकील मिळाला होता, तोही फुकट.

काका निवृत्त टायपिस्ट निघाले. ते मंत्रालयात होते, रेमिंग्टनवर त्यांनी उभी हयात काढली, आणि त्या मशीनवर कुठलं बटण कुठे आहे हे साहेबांनासुद्धा विचारायचा अधिकार नव्हता, असं त्यांनी सांगितलं. एवढं बोलून त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि माझा कीबोर्ड स्वतःकडे ओढला. “बघू, जास्त आहे म्हणता ना? मोजून टाकू.”

आणि ते खरंच मोजू लागले. मोठ्याने, प्रत्येक बटणावर बोट ठेवून. वरची एफ-वनची ओळ झाली, आकड्यांची झाली. मध्येच एका मुलाने पेन ड्राइव्हचा भाव विचारला, काकांनी “थांब रे” म्हणत बोट उचललं आणि परत टेकवलं ते कुठे, देव जाणे. शेवटी नमपॅडच्या कोपऱ्यातल्या एंटरवर पोहोचून त्यांनी निकाल दिला : “एकशे तीन.”

मी गप्प बसलो.

“असायला किती हवीत?” काकांनी विचारलं.

“मला एकशे चार हवी होती. हे लोक एकशे पाच देतात.”

“म्हणजे दोन कमी दिलीत!” काका गर्रकन दुकानदाराकडे वळले. “काय हो? गिऱ्हाईक सरळ आहे म्हणून काहीही खपवता? खोक्यावर काय छापलंय?”

पहिल्यांदाच माझ्या बाजूने कुणीतरी बोलत होतं, चुकीच्या कारणासाठी का होईना. मला ते चाललं असतं. पण दुकानदाराने आता स्वतः मोजायला घेतलं. त्याने ओळीओळीने कागदावर आकडे मांडले, बेरीज केली आणि कागद काकांपुढे सरकवला. एकशे पाच. “एकही कमी नाही,” तो म्हणाला. “माल पूर्ण आहे.” काकांनी बेरीज तपासली, मान डोलावली आणि मला म्हणाले, “मग बरोबर आहे की हो.” माझा खटला माझ्याच पुराव्यावर निकालात निघाला.

तरी काकांचं समाधान होईना. “मी टाइप करून बघतो,” म्हणत त्यांनी स्वतःचा ईमेल टाकायला घेतला. बोटं अजूनही सुरेख चालत होती. @ मात्र त्यांना सापडेना. मग तो एंटरच्या जवळच्या एका बटणावर छापलेला दिसला. शिफ्टसकट दाबला, तर पडद्यावर अवतरण चिन्ह. पुन्हा दाबला, पुन्हा अवतरण. मग छापील अवतरण चिन्ह शोधलं, ते दोनच्या आकड्यावर होतं. ते दाबलं तर @ उमटला. काकांनी हात वर घेतले. “हा कीबोर्ड खोटं बोलतो!”

हे मात्र त्याच्यावर अन्याय करणारं होतं. बटणावर काय छापलंय ते कीबोर्डला ठाऊकच नसतं. तो फक्त जागेचा क्रमांक पाठवतो, अमक्या ठिकाणचं बटण दाबलं गेलं एवढंच. त्या जागेला कोणतं अक्षर द्यायचं ते विंडोज ठरवतं. दुकानातला विंडोज अमेरिकन मांडणीवर होता आणि बटणांवरची छपाई ब्रिटिश. तीनच्या डोक्यावर पौंडाचं £ छापलेलं, उमटतं #. सेटिंगमध्ये जाऊन इंग्लिश (युनायटेड किंगडम) निवडलं की छापील आणि पडद्यावरचं जुळतं. हे दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते मी काकांना करूनही दाखवलं. तेवढ्याने दुकानदार आनंदला. “बघा, सुटला ना प्रॉब्लेम!”

नाही हो सुटला! छपाईची भानगड सेटिंगने मिटते. शिफ्टचा तुकडा पडलाय, तो सेटिंगने जोडता येत नाही. आतली धातूची पट्टी त्याच मापाने कापलेली असते, स्विच तिथेच बसवलेला असतो. पण हे काउंटरवर कोणाला सांगणार? दुकानाच्या हिशेबात बिघाड म्हणजे न चालणं. चालतंय पण माझ्या हाताला चालत नाही, या तक्रारीला त्यांच्या रजिस्टरमध्ये रकानाच नाही. वर ऐकवलं की सील तोडलंय. सील न तोडता आतला शिफ्ट बघायची काही युक्ती असेल तर ती त्यांनीच सांगावी.

युरोपवाल्यांचं मी समजू शकतो. १९८० च्या दशकात आयबीएमच्या कीबोर्डला अमेरिकेत १०१ बटणं होती आणि युरोपात १०२. पुढे विंडोजची दोन आणि मेनूचं एक अशी तीन वाढली, तो झाला १०४ आणि १०५ चा घोळ. जर्मनांना ä, ö, ü, ß यांना जागा हवी, तेव्हा < आणि > बिचारे शिफ्टशेजारी जाऊन बसले. पण इंग्रजांचं काय? त्यांची वर्णमाला अमेरिकेचीच. त्यांनी त्या जादा बटणावर उलटी तिरकी रेघ ठेवली. दीडशे वर्षं आमच्यावर राज्य करून झालं, आता शिफ्टही घेतला.

विकत घेताना लोक सांगतात की एंटर बघा. आडवा, एका ओळीतला असेल तर अँसी, आणि उभा, दोन ओळींतला असेल तर आयएसओ. हे अर्धवट आहे. पूर्वी सरकारी कचेऱ्यांत आणि सायबर कॅफेत येणारे काही स्वस्त कीबोर्ड आठवा. त्यांचाही एंटर दोन ओळींत पसरलेला असायचा, पण डावा शिफ्ट मात्र पूर्ण लांबीचा. तिरक्या रेघेचं बटण तिथे बॅकस्पेसच्या शेजारी सरकवलेलं असायचं. तो एंटर बघून तुम्ही आयएसओ समजाल आणि फसाल. बघायचं ते झेडच्या डावीकडे. तिथे थेट लांब शिफ्ट असेल तर निश्चिंत व्हा, मध्ये एखादं बटण असेल तर खोकं खाली ठेवा. जाहिरातीतल्या फोटोवर विसंबू नये, दुकानदाराकडून नेमक्या त्याच खोक्यातल्या कीबोर्डच्या या कोपऱ्याचा फोटो मागावा. नमपॅड नसलेल्यांत आकडा ८७ ऐवजी ८८ असतो, छोट्यांत ६१ ऐवजी ६२, तेही विचारावं.

कीबोर्ड घरी परत आला तेव्हा दुखण्याचं दुसरं टोक लक्षात आलं : एंटर. आयएसओचा एंटर दिसायला भव्य, पण जिथे बोट जातं त्या मधल्या ओळीत तो सव्वापटच. अँसीत तिथे सव्वादोनपट असतो. उरलेल्या जागेत # छापलेलं बटण घुसवलंय, आणि इन्स्क्रिप्टमध्ये त्यावर येतो ॉ, थेट ट च्या शेजारी. ओळ संपवायला जावं तर ॉ ची अर्धचंद्रकोर उगवते.

मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या सॉफ्टवेअरमध्ये बटणांचं काम बदलता येतं म्हणून बसलो. जादा बटणाला शिफ्ट करून टाकलं की महाप्राण परत मिळतात, पण एंटरचा त्रास तसाच. मग ॉ च्या बटणाला एंटर करावं, तर एंटर रुंद होतो, पण ‘डॉक्टर’ लिहिताना डॉक्टर यायच्या आधीच ओळ संपते. ॉ ला जादा बटणावर नेलं तर तो वाचतो, पण मग शिफ्टला द्यायला काही उरत नाही. बटण एक, दावेदार दोन. महाप्राण राखायचे की एंटर, असा निवाडा करून शेवटी महाप्राण निवडले. सेक्रेटरींना ‘बाऊ’ म्हणण्यापेक्षा चंद्रकोर परवडली.

वर कोणीतरी सुचवलं की नवीन कीकॅप्स घे, निदान छपाई तरी नीट दिसेल. आणल्या. पाकिटात ४३ मिलिमीटरचा शिफ्ट आहे, आडवा एंटर आहे, अगदी मला हवे होते तसे. कीबोर्डवर मात्र त्यांना बसायला जागा नाही. आयएसओची टोपणं वेगळी घ्यावी लागतील, असं त्याच दुकानातून कळलं. ती इम्पोर्टेड येतात म्हणे.